एक कोपरा माफ

गो या जपानी खेळाचं पुस्तक आमच्या गो मंडळात एकट्या माझ्याकडे होतं, म्हणून मी पंच होतो. याहून दुसरी कुठलीही पात्रता माझ्यात नव्हती. मंडळातले निदान तिघे माझ्यापेक्षा बरे खेळत. पण पुस्तक जपानीत होतं आणि जपानी मला वाचता येत होतं. ज्या ग्रंथाची भाषा एकट्या पुजाऱ्याला कळते, त्या ग्रंथाच्या देवळात पुजाऱ्याशी कोण वाद घालणार?

माझा धंदा यंत्रांच्या माहितीपुस्तिका जपानीतून इंग्रजीत आणण्याचा. नव्वदच्या दशकात बंगलोरच्या पीण्या या औद्योगिक भागातल्या बऱ्याच कारखान्यांत जपानी यंत्रं येत होती, आणि प्रत्येक यंत्राबरोबर चारशे पानं यायची. ‘झाकण उघडण्यापूर्वी हात कोरडे करावेत’ असली वाक्यं मी दिवसभर लिहीत असे. रविवारी सकाळी दहा वाजता मल्लेश्वरमहून बस पकडून मी पीण्यात जाई. तिथे एका छोट्या कारखान्याच्या मालकाने प्रशिक्षणाची खोली आम्हाला उघडून दिली होती. खोलीला कटिंग ऑइलचा वास असे आणि भिंतीवर सुरक्षिततेची कन्नड घोषवाक्यं. दहा-बारा जण जमत. त्यात काही इंजिनियर, एक निवृत्त बँक अधिकारी, सॉफ्टवेअरमधली दोन-तीन तरुण मंडळी, आणि अण्णा.

अण्णा निपाणीकडचे. टूलरूममध्ये फिटर, पन्नाशीला आलेले. मराठी आणि कन्नड दोन्ही त्यांच्या घरच्या भाषा. मी त्यांना अण्णा म्हणायचो आणि ते मला मास्तर म्हणायचे. मी कधी कुणाला काही शिकवलं नव्हतं, पण त्यांच्या लेखी पुस्तक वाचणारा तो मास्तर. त्यांनी स्वतःचा पट स्वतः बनवला होता. पोलादी पत्र्यावर आखणीच्या हाइट गेजने उभ्या-आडव्या एकोणीस-एकोणीस रेघा ओढलेल्या, केसाइतकाही फरक नाही. खडे लेथवर सळईतून कापलेले. निम्मे तेलात काळे केलेले, निम्म्यांवर जस्ताचा मुलामा. खडा ठेवला की टण् असा आवाज येई. बाकीच्यांचे प्लास्टिकचे खडे त्यापुढे अगदीच बटणांसारखे वाटत.

हा खेळ त्यांना एका जपानी इंजिनियरने शिकवला होता. ग्राइंडिंगची यंत्रं बसवायला तो गृहस्थ आठ महिने पीण्यात होता. जेवणाच्या सुट्टीत दोघं खेळायचे. दोघांच्यात एकही समाईक भाषा नव्हती, आणि अण्णांच्या सांगण्यानुसार त्यामुळेच शिकवणी चांगली झाली. जाताना त्या म्हाताऱ्याने जपानीत चिठ्ठी लिहून दिली होती, ती पुढे मीच वाचून दाखवली: एकदा माझ्या घरी ये, माझ्या लाकडी पटावर बरोबरीने खेळू. आता तो निवृत्त होऊन कुठल्याशा लहान गावात राहत होता. नव्या वर्षाला त्याचं पत्र यायचं. ते मी वाचून दाखवायचो, आणि अण्णा सांगतील ते उत्तर मीच जपानीत लिहायचो.

त्या वर्षी एका जपानी कंपनीने, जिच्याशी पीण्यातल्या बऱ्याच जणांचा व्यवहार होता, आमच्या मंडळाला पत्र पाठवलं. हौशी खेळाडूंचा दहा दिवसांचा मेळावा होता. तुमच्यातला एक जण पाठवा, तिकीट आमचं. मंडळाने ठरवलं, स्पर्धा घ्यायची आणि जिंकेल तो जाईल. अण्णांनी त्याच आठवड्यात पासपोर्टचा अर्ज भरला. फोटोसाठी टाय मागून आणला. पोलीस चौकशीला आले तेव्हा गल्लीत बोभाटा झाला की फिटरसाहेबांनी काहीतरी केलंय. पासपोर्ट आला तसा ते तो दुधाच्या धुतलेल्या पिशवीत घालून रविवारी आणायचे आणि पटाखाली ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, “हितं आसला म्हंजे माझं ध्यान ऱ्हातंय.”

पुढचं कळायला खेळाची एवढी एक गोष्ट सांगायला हवी. खडे रेघांच्या छेदावर ठेवतात, आणि एकदा ठेवलेला खडा हलत नाही. खड्याला लागून एखादा तरी छेद मोकळा असला पाहिजे. तो त्याचा श्वास. रेघेवरून एकमेकांना चिकटलेल्या खड्यांचा श्वास एकच, तिरक्यांचा नाही. सगळीकडून कोंडला की तो सगळा गट उचलला जातो. मग कोंडलेला गट वाचतो कसा? आपल्या पोटात त्याने एक रिकामी जागा राखली तर शत्रू तिथे सहसा खडा ठेवू शकत नाही, कारण त्याचाच खडा जागेवर गुदमरतो. अशा जागेला डोळा म्हणतात. पण एकच डोळा असेल तर बाहेरून पूर्ण कोंडून शेवटी शत्रू तो डोळाही भरतो आणि गट मरतो. दोन डोळे असले की मात्र शत्रूला एका चालीत दोन्ही भरता येत नाहीत, आणि तो गट कायमचा जिवंत. एवढंच. दोन डोळे, जिवंत. एक डोळा, मेलेला.

भानगड खोट्या डोळ्याची. जागा चारी बाजूंनी आपल्या खड्यांनी वेढलेली दिसते, पण ते खडे एकमेकांना धरून नसतात. त्यातला एखादा सुटा पडतो, शत्रू त्याला कोंडतो, आणि त्याला वाचवायला आपणच आपला डोळा बुजवतो. म्हणून डोळा मोजताना त्याचे तिरके कोपरे बघायचे. माझ्या पुस्तकात लिहिलं होतं, पटाच्या मध्यात डोळ्याला चार कोपरे असतात, त्यातला एक शत्रूकडे गेला तरी चालतो. हे मी आमच्या मंडळात ‘एक कोपरा माफ’ म्हणून प्रसिद्ध केलं होतं. लोक ते म्हणीसारखं वापरत. त्याचा मला अभिमान होता, हे लपवून आता फायदा नाही.

आणि आणखी एक रीत. डाव संपतो तेव्हा मेलेले गट प्रत्यक्ष मारत बसायचं नसतं. दोघंही पास म्हणतात, कुठले खडे मेलेले यावर दोघांचं एकमत होतं, ते उचलतात आणि गुण मोजतात: आपण वेढलेल्या दर मोकळ्या जागेला, म्हणजे मुलखाला, एक आणि उचललेल्या दर खड्याला एक. आपल्याच मुलखात विनाकारण खडा ठेवला तर आपलाच एक गुण जातो. म्हणून चांगला खेळाडू मेलेल्याला हात लावत नाही. त्याला दिसतं, समोरच्यालाही दिसतं, आणि खानदानी पद्धतीने दोघं गप्प राहतात.

अंतिम डाव अण्णा आणि मंडळातलाच, मूळचा पुण्याचा एक सॉफ्टवेअर इंजिनियर यांच्यात झाला. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, हुशार, विलक्षण वेगाने खेळणारा. तीन वर्षं बंगलोरला राहून त्याला कन्नडमधले दोनच शब्द येत, ‘स्वल्प’ म्हणजे जरा आणि ‘सरी’ म्हणजे बरं, आणि तेवढ्यावर तो रिक्षा, भाजी आणि घरमालक सांभाळत असे. त्याच्याविरुद्ध माझं काही नव्हतं.

प्रमुख पाहुणे म्हणून कारखानदारांच्या संघटनेचे एक पदाधिकारी बोलावले होते. ते डावाच्या मध्यात आले, त्यांच्यासाठी डाव थांबवावा लागला, आणि त्यांनी बुद्धिबळाची महती सांगणारं भाषण केलं. हा बुद्धिबळ नव्हे हे त्यांच्या कानात सांगितल्यावर ते म्हणाले, सगळे बुद्धीचेच खेळ. त्यानंतर पंच या विषयावर घसरून त्यांनी मला न्यायासनावर बसवलं, विक्रमादित्यापासून थेट माझ्यापर्यंत परंपरा आणून सोडली आणि माझ्या खांद्यावर शाल टाकली. मी मनात हसलो. शाल काढली मात्र नाही. पुढचा तासभर ती घेऊनच बसलो होतो.

दुपारी दोनच्या सुमाराला दोघंही पास म्हणाले. अण्णांचे काळे, तरुणाचे पांढरे. अण्णा हात पुढे करून खालच्या कडेचे सात पांढरे खडे उचलायला लागले. तसा तरुण म्हणाला, “अण्णा, एक मिनिट. हे जिवंत आहेत ना?”

“कसं काय?”

“दोन डोळे आहेत की. हा एक आणि हा एक.”

अण्णा हसले. “ह्यो डोळा हाय. त्यो न्हवं. त्यो खोटा हाय.”

सगळे पटाभोवती गोळा झाले. सात पांढरे खडे कडेला बिलगून बसले होते, बाहेरून काळ्यांनी घेरलेले. त्यांच्या पोटात दोन रिकाम्या जागा होत्या, दोन्ही अगदी शेवटच्या रेघेवर. डावीकडच्या जागेचे दोन्ही तिरके कोपरे पांढऱ्यांचे. उजवीकडच्या जागेचा एक कोपरा पांढरा आणि दुसरा काळा. हे सात खडे जिवंत असले तर तरुण दहाएक गुणांनी जिंकत होता. मेलेले असले तर सात खडे, त्यांच्याखालच्या सात जागा आणि दोन डोळे मिळून सोळा गुण अण्णांकडे जात, तरुणाचे डोळ्यांचे दोन कमी होत, आणि अण्णा जिंकत.

तरुण माझ्याकडे वळला. “सर, तुम्हीच सांगा. टेक्निकली एक कोपरा माफ असतो ना?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पाहुणेही. मी पुस्तक काढलं, खूण घातलेलं पान उघडलं, चार कोपऱ्यांची आकृती सगळ्यांना दाखवली. मग पटाकडे बघून म्हटलं, “एकच कोपरा गेलाय. डोळा खरा आहे. गट जिवंत.”

अण्णांना माझं म्हणणं समजायला वेळ लागला. “मास्तर, हितं बगा. हितं मी काळा ठेवला,” त्यांनी उजव्या टोकाच्या पांढऱ्याशेजारच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं, “की ह्यो खडा कोंडला. त्याला वाचवाय ही जागा भरायलाच लागतंय की त्याला. मग डोळा कुठं ऱ्हायला? खेळून दावतो, स्वल्प थांबा.”

त्यांनी वाटीतून काळा खडा उचललासुद्धा. मी त्यांचा हात धरला.

“अण्णा, डाव संपलाय. दोघांनी पास म्हटलंय. आता खडा ठेवता येणार नाही. मारायचा होता तर आधी मारायचा.”

“मेलेल्याला कशाला मारायचं, मास्तर?”

खोलीत हशा पिकला. मीही हसलो. आणि वाद पडला तर पटावर खेळून दाखवायचं, मग खडे होते तसे ठेवायचे, ही या खेळातली सर्वात जुनी आणि सर्वात शहाणी पद्धत मला ठाऊक असताना मी म्हणालो, “नियम म्हणजे नियम.” खांद्यावर शाल असली की माणूस असली वाक्यं बोलतो.

अण्णांनी खडा वाटीत परत टाकला. टण् आवाज झाला. “सरी,” ते म्हणाले. “पुस्तकात हाय म्हंजे आसंल.” पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी तरुणाच्या पाठीवर थाप मारली, पट पुसला, गुंडाळायच्या फडक्यात घातला, आणि दुधाची पिशवी खिशात ठेवली.

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, मी घरी चहा घेत पुस्तक उघडलं. कंपनीला नाव कळवताना अंतिम डावाची आकृतीही पाठवावी असं माझ्या डोक्यात होतं. आकृती काढली. कडेशी आलो तेव्हा अण्णांचं बोट आठवलं आणि त्या जागी पेन्सिलीने काळा ठिपका काढला. पांढरा सुटा पडला. त्याला शेजारी तीन जागा होत्या. दोन काळ्यांच्या, तिसरी तो डोळा. डोळा भरला. एकच डोळा उरला. भरला नाही तर तो खडा जातो आणि त्याच्यामागून उरलेले सहाही. हे सगळं दोन ठिपक्यांचं काम होतं.

मग मी पान उलटलं. मागे लिहिलं होतं, कडेवरच्या डोळ्याला दोनच कोपरे असतात आणि दोन्ही आपले लागतात. तिथे एकही माफ नाही.

झेरॉक्समध्ये शेवटची ओळ कापली गेली होती असं म्हणायला मला आवडलं असतं. पण पुस्तक अस्सल होतं, आणि त्या ओळीखाली मी स्वतः सहा वर्षांपूर्वी रेघ ओढलेली होती.

चूक कुणाचीही होते. पुढचं झालं नसतं तर हे सगळं मी आज गंमत म्हणून सांगितलं असतं. सोमवारी सकाळी फॅक्स करायचा होता, आणि तो जपानीत असल्याने तो मीच करणार होतो. म्हणजे दुरुस्तीला माझ्याखेरीज कुणाची परवानगी लागत नव्हती. तरुणाला फोन करायचा, मंडळाच्या चिटणिसाला फोन करायचा, माझं चुकलं म्हणायचं. तरुण कुरकुरला असता, पण त्याला पटावर दाखवलं असतं तर मानलं असतं. सोमवारी फॅक्स करायला जाताना मी हे सगळं बसमध्ये मनाशी बोललो. कोणते शब्द वापरायचे तेही ठरवलं. यशवंतपूरला बस बराच वेळ अडकली, आणि तेवढ्या वेळात मला दुसरे शब्दही सुचले. पाहुण्यांसमोर दिलेला निर्णय फिरवला तर मंडळाचं हसं होईल. पंचाचा निर्णय अंतिम असतो. अण्णांनीही तर मान्य केलंय. तरुण तिथे जास्त शोभेल, त्याला इंग्रजी येतं. हा शेवटचा मुद्दा मनात आला तेव्हा मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी तो मी वापरला. साडेदहा वाजता फॅक्स गेला. यंत्राने ‘पोचला’ अशी चिठ्ठी बाहेर काढली, ती मी फाईलला लावली.

पुढच्या रविवारी अण्णा आले ते कागद घेऊन.

“मास्तर, आमच्या म्हाताऱ्याला लिवायचं हुतं. औंदा येत न्हाई म्हणून. त्यो वाट बगत आसंल.”

मी पेन काढलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. तब्येत बरी आहे. यंत्रं चांगली चालतात. यायचं होतं, पासपोर्टही काढला, पण शेवटच्या डावात हरलो.

“कारण काय लिहू?” मी विचारलं. विचारायची काही गरज नव्हती.

“लिवा, डोळं मोजायला चुकलो.”

मी जपानीत ते लिहिलं. एक ओळ. तीत कर्ता लिहावा लागत नाही, ही त्या भाषेची सोय आहे. कोण चुकलं ते वाक्यात नसलं तरी चालतं. मी कर्ता लिहिला नाही, आणि तेवढ्याने मला थोडं बरं वाटलं, यावरून माझी त्या वेळची अवस्था कळावी.

मग अण्णांनी खिशातून आलेख कागद काढला. त्यावर ती खालची कड ड्रॉइंगसारखी काढली होती, सात पांढरे, भोवतीचे काळे. “ह्येबी घाला आत. त्याला इच्चारा, आसला डोळा खरा कसा हुतोय. मला काय डोक्यात शिरंना. आठ दिस बगतोय.”

“पुस्तकात आहे, अण्णा.”

“आसंल की. पण म्हाताऱ्यानं सांगितलं तर मला कळंल. त्यो पटावर सांगतोय.”

मी पाकीट बंद केलं, तिकिटं लावली, पोस्टात टाकलं. ते पाकीट टाकणं हे त्या सगळ्या प्रकरणातलं माझं एकमेव सरळ कृत्य, आणि तेही अण्णा शेजारी उभे होते म्हणून.

पुढचे काही रविवार मला फार लांबले. अण्णा खेळत होते, पण त्यांचा खेळ बिघडला होता. एरवी ज्या गटाकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नसतं तो मेलेला गट ते घेरून, श्वास बुजवून, खडे उचलेपर्यंत मारत बसत. प्रत्येक असल्या खड्याला एक गुण जाई. दोन-तीन गुणांनी ते हरायला लागले. बँकवाले एकदा म्हणाले, “अहो अण्णा, हे केव्हाच गेले होते. कशाला आपलीच जागा भरताय?” अण्णा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या साहेब. नीट मरू द्या.” बँकवाले हसले. मी दुसऱ्या पटाकडे बघत होतो.

मधल्या काळात तरुण जपानला जाऊन आला. सगळ्यांना कागदी पंखे आणले. सगळे डाव हरला होता, आणि त्याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. चहा पिताना मला बाजूला घेऊन म्हणाला, “सर, तिथे मी एकदा कडेला डोळा मोजला, तर समोरच्या आजी हसायलाच लागल्या. त्यांनी खेळून दाखवलं. आपला तो फायनलचा गट... मेलेला होता ना?”

“होता.”

“मला तेव्हाच जरा डाउट होता. पण तुम्ही पुस्तक काढलंत.” तो पंख्याची घडी उघडत मिटत राहिला. “अण्णांना सांगायचं का?”

“मी सांगतो,” मी म्हणालो. तो सुटला. मला मात्र त्या दिवशीही शब्द सापडले नाहीत.

पत्राचं उत्तर आलं ते कारखान्याच्या पत्त्यावर. रविवारी सगळे जायच्या आधी अण्णांनी मला थांबवलं आणि एक पान पुढे केलं. “वाचा की मास्तर.”

मी आधी मनातल्या मनात वाचलं. म्हाताऱ्याचं अक्षर थरथरत होतं. थंडी फार आहे. गुडघा दुखतो, आता घराबाहेर पडणं होत नाही. तुझ्यासाठी पट पुसून ठेवला होता, आता पुन्हा झाकून ठेवला. आणि मग: तुझी मोजणी बरोबर होती. हा पांढरा गट मेलेला आहे. याला जिवंत म्हणणाऱ्याने तुला खेळून का दाखवू दिलं नाही, हे मला कळत नाही. याचा निकाल आखून पाठवतो, तो ज्याला दाखवायचा त्याला दाखव.

“काय म्हणतोय?”

मी मराठीत वाचायला लागलो. थंडी. गुडघा. पट झाकून ठेवल्याचं. मग मी म्हणालो, “आणि पुढे... तब्येतीला जपा म्हणतो.”

अण्णा मान हलवत ऐकत होते. “बास?”

“बास.”

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दुसरा कागद काढून माझ्यासमोर पसरला. त्यांचाच आलेख कागद होता. म्हाताऱ्याने त्यावर लाल शाईने दोन गोल काढले होते. टोकाच्या पांढऱ्याशेजारी काळा, आत ‘१’. त्या खोट्या डोळ्यात पांढरा, आत ‘२’. आणि सातही पांढऱ्यांवरून एक आडवी लाल रेघ. त्या कागदावर जपानीचं एक अक्षरही नव्हतं. वाचून दाखवायची गरजच नव्हती.

“ह्यो कागद मंगळवारीच बगितला,” अण्णा म्हणाले. “पण पत्र वाचाय तुमीच लागतासा. म्हनलं, म्हातारा काय म्हणतोय ते नीट ऐकावं.”

खोलीत आम्ही दोघंच होतो. बाहेर वॉचमन कुलूप हातात घेऊन फेऱ्या मारत होता. मी पत्र पुन्हा उचललं आणि सुरुवातीपासून वाचलं, या वेळी सगळं. खेळून का दाखवू दिलं नाही, हे वाक्य आलं तेव्हा थांबलो, मग तेही वाचलं. नंतर सांगितलं की मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. फॅक्स दुसऱ्या दिवशी गेला, हेही सांगितलं.

अण्णांनी कागदाची घडी केली, ती अगदी काटकोनात केली, आणि खिशात ठेवली.

“चुकीचं काय न्हाई हो,” ते म्हणाले. “चुकतंय माणूस. मी पार्ट बिघडवले न्हाईत व्हय? पण इन्स्पेक्शनला मी कधी लपवून पाठवला न्हाई.”

“पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील, अण्णा. मी स्वतः लिहितो.”

“लिवा.”

मी लिहिलं. उत्तर आलं नाही. त्या कंपनीने मेळावाच बंद केला, असं पुढे कानावर आलं. नव्या वर्षाला म्हाताऱ्याचं एक कार्ड आलं, त्यानंतरच्या वर्षी आलं नाही. अण्णांच्या पासपोर्टवर कुठलाच शिक्का पडला नाही. तो दुधाच्या पिशवीतून निघून घरी कपाटात गेला.

अण्णा रविवारी येत राहिले, माझ्याशी खेळतही राहिले. मला वाटलं होतं, सत्य कळल्यावर त्यांचा खेळ पूर्वीसारखा होईल. तसं झालं नाही. एकदा माझाच एक गट, ज्यात उघड उघड एकच डोळा होता, ते शेवटपर्यंत मारत बसले. मला राहवलं नाही. “अण्णा, हा मेलाय. मला दिसतंय. मी मान्य करतो.”

“हाय की. मला बी दिसतंय.” त्यांनी पुढचा खडा ठेवला. टण्. “पण मास्तर, खेळून संपवल्यालं बरं. मग कुणाला इच्चाराय लागत न्हाई.”

ते चार गुणांनी हरले. खडे वेगळे करून त्यांनी वाट्यांत भरले, आणि आपल्या काळ्यांची वाटी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “आता तुमी काळं घ्या.”